परदेशी भागीदाराला लिहायची इंग्रजी : साधेपणाच्या दोन परंपरा

नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतून, तसेच मिहानमधल्या कार्यालयांतून, स्पेन, जपान, ब्राझील, व्हिएतनाम अशा देशांतल्या कंपन्यांना इंग्रजीत ईमेल जातात, आणि त्यांत बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते आणि वाचणाऱ्याचीही नसते. अशा पत्रव्यवहारासाठी ‘साधी इंग्रजी वापरा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र या एका सल्ल्यामागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत, आणि शब्द कसा निवडावा या मुद्द्यावर त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. आपल्याकडे बहुधा पहिलीच परंपरा शिकवली जाते. परदेशी भागीदाराच्या उपयोगाची आहे ती दुसरी.

पहिली परंपरा ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांतली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पत्रे सामान्य नागरिकाला समजेनाशी झाली, तेव्हा ब्रिटनच्या अर्थखात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ने हाच आग्रह अर्ज आणि करारनाम्यांपर्यंत नेला. या परंपरेचा कल परिचित आणि आखूड शब्दांकडे आहे: ‘टर्मिनेट’ऐवजी ‘एंड’, ‘पोस्टपोन’ऐवजी ‘पुट ऑफ’. ज्यांच्या कानावर लहानपणापासून ‘पुट ऑफ’ पडलेले आहे त्या नागरिकांसाठी हा सल्ला अगदी योग्य होता.

दुसरी परंपरा इंग्रजी परकी असलेल्यांसाठी निर्माण झाली. इंग्रज भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात ८५० शब्द होते आणि क्रियापदे अवघी १८. चर्चिल यांनी १९४३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भाषणात तिचा जाहीर पुरस्कार केला. पण एवढ्या थोड्या क्रियापदांत सगळे सांगायचे, तर ‘गेट’, ‘पुट’, ‘गिव्ह’, ‘टेक’ यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडून काम भागवावे लागते, आणि नवख्या वाचकाला नेमके तेच अडते. ‘गिव्ह’ माहीत आहे, ‘अप’ही माहीत आहे, पण त्यांवरून ‘गिव्ह अप’चा अर्थ निघत नाही. शब्दसंख्या कमी केल्याने भाषा आपोआप सोपी होत नाही, हे या प्रयोगातून दिसले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा हाच आहे.

तो धडा नीट अमलात आणला विमान उद्योगाने. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत असतात आणि त्या वाचणारे तंत्रज्ञ जगभर पसरलेले असतात. युरोपातल्या विमान कंपन्यांच्या मागणीवरून तिथल्या विमान उत्पादकांच्या संघटनेने नियम तयार केले. ते १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज ASD-STE100 या नावाने ओळखले जातात. त्यांतल्या सामान्य शब्दांच्या कोशात साधारण नऊशे शब्द मान्य आहेत, पण खरा जोर संख्येवर नसून ‘एका शब्दाला एकच अर्थ’ या अटीवर आहे. ‘फॉलो’ म्हणजे ‘नंतर येणे’, ‘पाळणे’ नव्हे. ‘क्लोज’ म्हणजे ‘बंद करणे’. ‘जवळ’ म्हणायचे असेल तर ‘निअर’ लिहायचे. सूचनेचे वाक्य वीस शब्दांच्या आत, वर्णनाचे पंचवीसच्या आत. मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र असल्यामुळे ही शिस्त नागपुरातल्या कित्येक तंत्रज्ञांच्या रोजच्या वाचनात आहे. आपल्या व्यापारी पत्रव्यवहारात मात्र ती उतरलेली नाही.

याचे एक कारण शहराच्या इतिहासात आहे. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होते, आणि सचिवालयाच्या टिपणांतली इंग्रजी इथल्या कारकुनीची इंग्रजी बनली. ‘डू द नीडफुल’ हा प्रयोग खुद्द ब्रिटनमध्ये जुना झाला, पण आपल्या कार्यालयांत तो अजून रुळलेला आहे. ‘उत्तर द्या’ या अर्थाने आपण ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो. परदेशी वाचकाला शब्दकोशात त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला परत जा’ असा मिळतो. त्यात आता नव्या व्यवस्थापकीय भाषेतली ‘टच बेस’, ‘बॉल इज इन युवर कोर्ट’ अशी वाक्ये येऊन मिळाली आहेत.

समजा, बुटीबोरीच्या एका खाद्यप्रक्रिया उद्योगाने स्पेनमधल्या पुरवठादाराकडून पॅकिंग यंत्राचा सुटा भाग मागवला आहे आणि बँकेचे पतपत्र अडले आहे. नेहमीचा ईमेल असा जाईल: ‘प्लीज होल्ड ऑफ ऑन द डिस्पॅच टिल वी सॉर्ट आउट द एलसी. इट शुड कम थ्रू शॉर्टली. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बाय ईओडी.’ यात ‘होल्ड ऑफ’, ‘सॉर्ट आउट’, ‘कम थ्रू’ ही तिन्ही क्रियापदे सुट्या शब्दांवरून उलगडत नाहीत. ‘शुड’मधून अंदाज कळतो की बंधन, हे ठरत नाही. ‘नीडफुल’ म्हणजे काय, ते वाचणाऱ्यानेच ओळखायचे. दिवसअखेर कोणाची, हेही लिहिलेले नाही. नागपुरात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा स्पेनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे अडीच झालेले असतात.

तोच मजकूर असा लिहिता येतो: ‘प्लीज डू नॉट शिप द पार्ट बिफोर १२ जून. द बँक हॅज नॉट ओपन्ड द लेटर ऑफ क्रेडिट. वी विल सेंड यू इट्स नंबर ऑन १० जून. प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे, १४:०० स्पेन टाइम, दॅट यू कॅन शिप ऑन १४ जून.’ प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट आहे, कर्ता ठरलेला आहे, आणि महिना अक्षरी असल्याने तारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही.

आता दोन परंपरांमधला विरोध पाहा. याच पुरवठादाराला तारीख पुढे ढकलायला सांगताना ब्रिटिश सल्ला ‘पुट ऑफ’कडे नेईल, पण स्पॅनिश वाचकाला ‘पोस्टपोन’ पटकन कळेल, कारण त्याच्या भाषेत ‘पोस्पोनेर’ आहे. ‘व्हेरिफाय’, ‘कन्फर्म’, ‘कॅन्सल’ यांचेही तसेच. जपानी किंवा व्हिएतनामी वाचकाला हा भाषिक शेजार नाही, तरी शब्दकोशात ‘पोस्टपोन’ एका जागी सापडतो आणि ‘पुट’खाली मात्र अर्थांची लांबच लांब रांग असते. म्हणून अशा ईमेलमध्ये लांब पण एकार्थी शब्द निःसंकोच वापरावा. अपवादही आहेत: ‘इव्हेंच्युअली’ हा शब्द स्पॅनिश वाचक ‘कदाचित’ असा घेऊ शकतो, कारण त्याच्या भाषेतल्या तसल्याच शब्दाचा तो अर्थ आहे. तिथे सरळ तारीख लिहावी.

भाषेच्या साधेपणाचे आंतरराष्ट्रीय मानक ISO 24495-1 हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कसोटी शब्दाच्या लांबीची नसून वाचणाऱ्याची आहे: हवे ते त्याला सापडते का, कळते का, वापरता येते का. या कसोटीने नकारार्थी प्रश्नही तपासावेत. ‘डोन्ट यू नीड द सर्टिफिकेट?’ याला आलेल्या ‘येस’चा अर्थ ‘हवे आहे’ की ‘बरोबर, नको आहे’, हे सांगता येत नाही; मराठीत ‘नको ना?’ला आपण ‘हो’ म्हणतो, आणि जपानीतही उत्तराची रीत तशीच आहे. प्रश्न होकारार्थी विचारला की शंका उरत नाही. विमान उद्योगाचे नियम मात्र सूचनांसाठी बेतलेले आहेत, सौजन्यासाठी नव्हेत. ते जसेच्या तसे उचलले तर ईमेल तुटक वाटतो. त्यामुळे ‘डिअर’, ‘प्लीज’ आणि आभाराचे एक वाक्य राहू द्यावे. कराराची कलमे तर मुळीच सोपी करू नयेत: कलम जसेच्या तसे उद्धृत करावे आणि त्याखाली आपली विनंती वेगळ्या, साध्या वाक्यात लिहावी.