बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी संपते का?

"गाडी वॉरंटीत आहे. ऑइल आणि फिल्टर ओळखीच्या मेकॅनिककडून बदलले, तर सगळी वॉरंटी जाते म्हणतात. खरं का?"

नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 कार कंपन्यांना हेच बजावलं: बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, त्या कामाच्या दोषामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं आणि पुस्तिकांत कडक अटी आजही सापडतात, म्हणून आपली पुस्तिका वाचाच. मोफत सर्व्हिस मात्र अधिकृत केंद्रातच, वेळेवर करून घ्या.

खरा धोका पार्टमध्ये असतो. बऱ्याच ऑइल फिल्टरमध्ये रबरी झडप असते. इंजिन बंद असताना ती फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू देत नाही. नकली फिल्टरची झडप कडक पडते, रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट करताच काही सेकंद खडखड ऐकू येते. तेवढा वेळ टायमिंग चेन आणि बेअरिंग ऑइलच्या दाबाविना चालतात. पुढे इंजिन बिघडलं तर क्लेम नाकारायला कंपनीकडे सबळ कारण असतं. पॉवर विंडोची मोटर जळली, तर त्याच फिल्टरचं कारण चालू नये.

यावर सोपा मार्ग म्हणजे अधिकृत पार्ट काउंटरवरून फिल्टर स्वतः घ्यायचा आणि मेकॅनिकला द्यायचा. ऑइलचा ग्रेड पुस्तिकेतलाच, उदाहरणार्थ 0W-20. बिलावर तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि ग्रेड लिहून घ्या.