कालविस्तार (ध्वनिमुद्रण)

मुद्रित केलेला आवाज मूळ वेगापेक्षा संथ वाजवून त्याची वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यात आणण्याच्या पद्धतीला कालविस्तार म्हणतात. वटवाघळांच्या अभ्यासात आवाज सहसा दहापट संथ करतात. ४५ किलोहर्ट्झची हाक मग ४.५ किलोहर्ट्झवर येते, ५ मिलिसेकंदांची असेल तर ५० मिलिसेकंद चालते, आणि एरवी मुळीच न ऐकू येणारा तो आवाज पाखराच्या छोट्या चिवचिवाटासारखा ऐकू येतो.

यात आवाजाचे नमुने जसेच्या तसे राहतात. सेकंदाला १,९२,००० नमुने घेतलेली फाइल १९,२०० च्या गतीने वाजवली की झाले. आवाजाची उंची कायम ठेवून फक्त लय मंद करणारी साधने मात्र येथे निरुपयोगी ठरतात. हाक लांबते, पण ऐकू येत नाही ती नाहीच.

कीटकांच्या पंखांची गोष्ट उलटी आहे. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात आणि ती गुणगुण आपल्याला ऐकू येतेच. दहापट संथ केल्यावर ती २३ हर्ट्झवर, म्हणजे श्रवणाच्या तळाशी जाते. तिथे संथ करण्याचा उपयोग एकेक फडफड सुटी करण्यापुरता असतो.

खरी चूक मुद्रणाच्या वेळीच होते. नमुन्यांच्या गतीच्या निम्म्याहून उंच आवाज अचूक पकडता येत नाही. तो आधीच गाळला गेला नाही, तर त्या मर्यादेवरून आरशासारखा खाली परततो. युरोपातल्या दोन हॉर्सशू वटवाघळांबाबत हे अगदी फसवे ठरते. धाकट्या जातीची हाक साधारण ११० किलोहर्ट्झची, थोरलीची ८२ च्या आसपास. १९२ किलोहर्ट्झ गतीने मुद्रण केले तर मर्यादा ९६ किलोहर्ट्झ; ११० ची हाक १९२ उणे ११०, म्हणजे नेमकी ८२ वर उमटते. संथ करून ऐकणाऱ्याला थोरले वटवाघूळ सापडल्याचा भास होतो, आणि नोंद बिनदिक्कत चुकीची होते.

ही फसगत वर्णपटाच्या चित्रात ओळखता येते. खऱ्या हाकेचा मधला भाग सपाट असतो. सुरुवातीला छोटा चढ आणि शेवटी उतार असतो. परतलेल्या हाकेत हे उलटते: आधी उतार, शेवटी चढ. टोके पुसट असली तर चित्रावरून निकाल लावू नये. तोच आवाज ३८४ किलोहर्ट्झ गतीने पुन्हा मुद्रित करावा आणि वटवाघळाच्या शक्य तितके जवळून करावा, कारण ११० किलोहर्ट्झचा आवाज हवेत फार लवकर विरतो आणि हाकेची पुसट टोके आधी जातात.