किमान-कमाल गुणरूपांतर

किमान-कमाल गुणरूपांतर म्हणजे निरनिराळ्या मापांवर घेतलेल्या चाचण्यांचे गुण शून्य ते शंभर टक्क्यांच्या एकाच मापावर आणण्याची रीत. तिला ‘मिन-मॅक्स नॉर्मलायझेशन’ असेही म्हणतात. मिळालेल्या गुणातून किमान गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचे आणि शंभरने गुणायचे:

```
(x - min) / (max - min) * 100
```

शाळेत टक्केवारी काढताना आपण नुसते ‘मिळालेले भागिले पैकी’ करतो. तेही याच सूत्राचे रूप आहे, फक्त त्यात किमान गुण शून्य धरलेले असतात. पण सगळ्या चाचण्या शून्यापासून सुरू होत नाहीत. अमेरिकेतील सॅट परीक्षेचे एकूण गुण ४०० ते १६०० या पट्ट्यात असतात. १००० गुणांना १६०० ने भागले तर ६२.५ टक्के येतात, पण तो आकडा फसवा आहे, कारण काहीच न येणाऱ्यालाही ४०० मिळतातच. सूत्राने काढले तर (१००० − ४००) ÷ १२०० म्हणजे बरोबर ५० टक्के. नीट परीक्षेत हे उलट्या बाजूने घडते. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ वजा, म्हणून पट्टा −१८० ते ७२० असा ९०० गुणांचा होतो. कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्याचे शून्य गुण या मापावर २० टक्के ठरतात. ऐकायला विचित्र वाटते, पण सगळे प्रश्न चुकवणाऱ्यापेक्षा तो खरोखरच वर असतो.

मानसशास्त्र आणि आरोग्याच्या प्रश्नावल्यांत ही रीत फार वापरतात, कारण तिथे उत्तरांना सहसा १ पासून गुण असतात. एसएफ-३६ या आरोग्यविषयक प्रश्नावलीच्या शारीरिक क्षमतेच्या भागात दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ३ गुण आहेत. त्यामुळे कच्चे गुण १० ते ३० येतात. त्यातून १० वजा करून २० ने भागले आणि शंभरने गुणले की ० ते १०० चे माप तयार होते. पॅट्रिशिया कोहेन, जेकब कोहेन, लिओना एकेन आणि स्टीफन वेस्ट यांनी १९९९ साली अशा गुणांना ‘पॉम्प’ हे नाव देऊन हे एकक अनेक ठिकाणी उपयोगी पडते असे दाखवले. ‘शक्य असलेल्या कमाल गुणांचे शेकडा प्रमाण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव आले आहे. ज्या प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे जास्त त्रास असा अर्थ असतो, तिचे उत्तर इतरांशी जुळवण्याआधी शंभरातून वजा करून उलटवावे लागते. हे राहून गेले की सरासरीत चांगले आणि वाईट एकमेकांना खाऊन टाकतात.

सूत्र सोपे आहे. खरा प्रश्न असतो तो किमान आणि कमाल कोणते धरायचे हा. एक पर्याय म्हणजे प्रश्नपत्रिकेने ठरवलेल्या सीमा: इतके कमीत कमी आणि इतके जास्तीत जास्त मिळू शकतात. दुसरा म्हणजे त्या गटात प्रत्यक्ष मिळालेले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण. दोन्हींची उत्तरे शून्य ते शंभरमध्ये येतात, दिसायला सारखीच असतात आणि अर्थाने मात्र अगदी वेगळी असतात.

एक काल्पनिक वर्ग घेऊ. लेखी परीक्षा ८० गुणांची आहे आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे. दोन्हींना सारखे वजन द्यायचे ठरले आहे. लेखीत क, ख, ग, घ यांना अनुक्रमे ६८, ६०, ४४, २८ गुण आहेत. प्रात्यक्षिकात १७, १८, १९, १८. (प्रात्यक्षिकाचे गुण असे वरच्या टोकाला गोळा झालेले कुठल्याही कॉलेजात पाहायला मिळतात.) प्रश्नपत्रिकेच्या सीमा धरल्या तर क ला लेखीत ८५ आणि प्रात्यक्षिकात ८५ टक्के, म्हणून सरासरी ८५. ख ची सरासरी ८२.५, ग ची ७५ आणि घ ची ६२.५ येते. क्रम लेखीप्रमाणेच राहतो आणि कुणाला आश्चर्य वाटत नाही.

आता प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांच्या सीमा धरू. लेखीचा पट्टा २८ ते ६८, म्हणून टक्के १००, ८०, ४०, ०. प्रात्यक्षिकाचा पट्टा १७ ते १९, म्हणजे अवघा दोन गुणांचा, म्हणून टक्के ०, ५०, १००, ५०. सरासरी निघते क ५०, ख ६५, ग ७०, घ २५. लेखीत २४ गुणांनी मागे असलेला ग पहिला आणि क तिसरा. परीक्षकाने सहज दिलेल्या एका गुणाची किंमत इथे ५० टक्के झाली आहे, तर लेखीतला एक गुण अडीच टक्क्यांचा आहे. वजन कागदावर सारखे असले तरी ज्या चाचणीचे गुण एकवटलेले असतात तिचा एकेक गुण असा फुगतो.

याच वर्गात पाचवा विद्यार्थी ङ आला, लेखीत ३६ आणि प्रात्यक्षिकात ७ घेऊन, तर लेखीचे टक्के बदलत नाहीत, पण प्रात्यक्षिकाचा पट्टा ७ ते १९ होतो. क ला तिथे आता शून्याऐवजी ८३.३ टक्के मिळतात. सरासरी क ९१.७, ख ८५.८ आणि ग ७०. स्पर्धेत कुठेच नसलेल्या एकामुळे पहिला आणि तिसरा यांची जागा बदलली. निवडीसाठी ही पद्धत वापरू नये असे म्हणायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. गटातल्या गटात कोण कुठे आहे हे आलेखावर दाखवायचे असेल तर ती चालते.

चूक बहुधा स्प्रेडशीटमध्ये नकळत होते, कारण तयार फंक्शन हाताशी असते:

```
=(B2-MIN(B$2:B$6))/(MAX(B$2:B$6)-MIN(B$2:B$6))*100
```

हे `MIN` आणि `MAX` रकान्यातल्या आकड्यांवर चालतात. पेपर किती गुणांचा होता हे त्यांना माहीत नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रत्येक विषयात कुणाला तरी बरोबर ० आणि कुणाला तरी बरोबर १०० टक्के असतील तर सीमा रकान्यातूनच आल्या आहेत. गैरहजर विद्यार्थ्यासमोर ० लिहिला असेल तर तोच किमान ठरून बाकी सगळे वर ढकलले जातात, आणि सगळ्यांना सारखेच गुण असतील तर शून्याने भागाकार होऊन `#DIV/0!` दिसते. उपाय म्हणजे प्रत्येक चाचणीच्या सीमा वेगळ्या ओळीत हाताने लिहून सूत्राला त्या ओळीकडे पाहायला लावणे.

सीमा योग्य धरल्या तरी पेपर सोपा होता की अवघड, हे या रूपांतराला कळत नाही. अवघड पेपरातले ६० आणि सोप्यातले ६० टक्के ते सारखेच मानते. म्हणूनच अनेक सत्रांत होणाऱ्या एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनमध्ये ही रीत न वापरता पर्सेंटाइल काढतात. तेही शून्य ते शंभरमध्येच असतात, पण ते त्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण सांगतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तरी निकालाच्या दिवशी घरोघरी तसेच समजले जाते.

गटातून काढलेल्या सीमा पुढच्या वर्षी जशाच्या तशा वापरल्या तर निकाल शून्य ते शंभरच्या बाहेर जाऊ शकतो. वरच्या चौघांच्या १७ ते १९ या पट्ट्यावर प्रात्यक्षिकात २० पैकी २० घेणाऱ्याला १५० टक्के मिळतील, आणि १६ घेणाऱ्याला उणे ५०.