मॉसफेट ‘चालू’ आहे, तरी तापतो का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बडोद्यातील दुकानातून मॉसफेट नेणारे अनेक ग्राहक काही दिवसांनी तो जळालेला घेऊन परत येतात, आणि बहुतेक वेळा दोष मॉसफेटमध्ये नसून गेटला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये असतो. अंडी उबवण्याच्या पेटीच्या हीटरचे उदाहरण घेऊन ते येथे मांडले आहे. हा हीटर 12 व्होल्टवर चालतो, त्याचा रोध 4 ओहम आहे, म्हणजे पूर्ण चालू असताना त्याने 3 अँपिअर घ्यावेत. तो IRF540N या एन-चॅनल मॉसफेटने चालू-बंद होतो आणि गेटला मायक्रोकंट्रोलरमधून थेट 3.3 व्होल्ट मिळतात.

गेट व सोर्स यांच्यातील व्होल्टेज उंबरठ्यापेक्षा, म्हणजे थ्रेशोल्डपेक्षा कमी असेल, तर ड्रेनपासून सोर्सपर्यंत वाहकाची वाट तयारच होत नाही आणि प्रवाह जवळजवळ शून्य राहतो. ही कटऑफ अवस्था होय. मात्र डेटाशीटमध्ये दिलेला थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेट पूर्ण चालू होण्याचे व्होल्टेज, असा समज करून घेऊ नये. IRF540N साठी तो 2 ते 4 व्होल्ट दिला आहे, आणि तो मोजताना ड्रेनमधून केवळ 250 मायक्रोअँपिअर वाहत असतात. तिथे दार नुसते किलकिले झालेले असते.

थ्रेशोल्डच्या वर गेल्यावर दोन शक्यता उरतात. ड्रेन-सोर्स व्होल्टेज हे गेटवरच्या जादा व्होल्टेजपेक्षा, म्हणजे V_GS − V_T पेक्षा कमी असेल, तर मॉसफेट ट्रायोड अवस्थेत असतो आणि व्होल्टेज अगदी कमी असताना तो एखाद्या लहान रोधासारखा वागतो. ते त्याच्याइतके किंवा त्याहून जास्त असेल, तर ड्रेनच्या टोकाशी वाट आवळली जाते. मग ड्रेनचे व्होल्टेज वाढवले तरी प्रवाह फारसा वाढत नाही. हीच सॅच्युरेशन अवस्था. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये ‘सॅच्युरेशन’ म्हणजे पूर्ण चालू, पण मॉसफेटमध्ये स्विच पूर्ण चालू असतो तो ट्रायोडमध्ये. या एका शब्दाने आमच्या अनुभवी ग्राहकांचीही फसगत होते.

```
ट्रायोड:     I = k[(V_GS − V_T)·V_DS − V_DS²/2]
सॅच्युरेशन:  I = (k/2)(V_GS − V_T)²
```

आता हीटरकडे वळू. हिशेबासाठी मॉसफेटच्या रचनेवर ठरणारा सूत्रातला स्थिरांक k = 20 अँपिअर प्रति व्होल्ट-वर्ग आणि थ्रेशोल्ड V_T = 2.9 व्होल्ट धरू. गेटवरचे जादा व्होल्टेज 3.3 − 2.9 = 0.4 व्होल्ट, त्याचा वर्ग 0.16, म्हणून सॅच्युरेशन प्रवाह 10 × 0.16 = 1.6 अँपिअर. हीटरवर 6.4 व्होल्ट पडतात आणि उरलेले 5.6 व्होल्ट मॉसफेटवर येतात. हे 0.4 पेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तो सॅच्युरेशनमध्येच आहे, हे आपले गृहीतक खरे ठरते. मॉसफेटमध्ये सुमारे 9 वॅट उष्णता होते, जी हीट सिंकशिवाय तो काही क्षणांपुरतीच सोसू शकतो. इकडे पेटी मात्र पुरेशी गरम होत नाही.

त्याच पुड्यातील दुसऱ्या नगाचा थ्रेशोल्ड 2.5 व्होल्ट असेल, तर सूत्रातून 6.4 अँपिअर येतात. पण हीटर 3 अँपिअरपेक्षा जास्त घेऊच शकत नाही, म्हणून हा नग ट्रायोडमध्ये जातो. त्याच्यावर सुमारे 0.21 व्होल्ट राहतात आणि उष्णता 0.6 वॅटच्या आसपास होते. तिसऱ्याचा थ्रेशोल्ड 3.2 व्होल्ट असेल, तर जेमतेम 0.1 अँपिअर वाहतो आणि हीटर कोमटही होत नाही. तिन्ही नग डेटाशीटच्या मर्यादेत बसतात. ‘एक चालला, मग दुसरा का जळाला?’ या प्रश्नाचे उत्तर थ्रेशोल्डमधल्या या दशांश व्होल्टच्या फरकात आहे, कारण जादा व्होल्टेज थोडे असताना त्याचा वर्ग झपाट्याने बदलतो.

हे ओळखण्यासाठी हीटर चालू असताना ड्रेन आणि सोर्स यांच्यात मल्टिमीटर लावावा. व्होल्टचे काही दशांश दिसले तर ठीक. कित्येक व्होल्ट दिसले तर मॉसफेट सॅच्युरेशनमध्ये अडकला आहे. गेटला 10 व्होल्ट दिल्यास IRF540N चा रोध डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त 0.044 ओहम असतो, म्हणजे 3 अँपिअरला सुमारे 0.4 वॅट. केवळ सूत्रातून याहून कमी रोध निघतो, कारण वर्गसूत्र फक्त चॅनलचा हिशेब धरते, मॉसफेटच्या उरलेल्या भागाचा रोध त्यात येत नाही. म्हणून सूत्र कारण समजण्यासाठी वापरावे, रोधाचा आकडा मात्र डेटाशीटचाच घ्यावा.

3.3 व्होल्टवरच काम भागवायचे असेल, तर ज्याच्या डेटाशीटमध्ये चालू रोध 3.3 किंवा त्याहून कमी गेट व्होल्टेजला स्पष्ट दिला आहे, असाच मॉसफेट आमच्याकडे मागावा. नसल्यास मध्ये गेट ड्रायव्हर बसवून 12 व्होल्टच्या पुरवठ्यातूनच गेट चालवावे.