अर्धं वाक्य अर्धंच पोहोचवायचं

न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या एका मराठी आजींना हॉस्पिटलमधून नुकतंच घरी सोडलंय, असं समजा. चौकशीसाठी नर्सचा फोन येतो. आजींना इंग्रजी जमत नाही, म्हणून नर्स त्याच कॉलवर मराठी दुभाषी जोडून घेते. फोनवरून दुभाष्याची अशी सरकारी सेवा ऑस्ट्रेलियात १९७३ साली सुरू झाली आणि आज अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत ती रोजची गोष्ट आहे. दुभाषी कुठेतरी दूर हेडसेट लावून बसलेला असतो. त्याला ना आजी दिसतात, ना नर्स.

नर्स विचारते, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?’ आजी सांगू लागतात, ‘ती गोळी मी सोमवारपासून रोज रात्री...’ आणि तेवढ्यात नर्स म्हणते, ‘छान, किती मिलिग्रॅमची?’ आजींचे शेवटचे शब्द दुभाष्यापर्यंत पोहोचलेलेच नाहीत.

शब्द कुठे गेले ते आधी पाहू. सुनेलाही ऐकू यावं म्हणून आजींनी फोन स्पीकरवर ठेवलाय. स्पीकरमधून येणारा नर्सचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला तर तिला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल. तो टाळायला अनेक फोन पलीकडचा माणूस बोलू लागताच आपल्या बाजूचा माइक आपोआप दाबतात. म्हणजे आजींचं वाक्य त्यांच्या घरातच कापलं गेलं. त्यांना याचा पत्ताच नाही. त्यांच्या लेखी त्यांनी पूर्ण उत्तर दिलंय. नर्सला मराठी कळत नसल्यामुळे तिलाही काही तुटल्याचं कळलेलं नाही. ही फट फक्त एकाच माणसाला दिसते, आणि तो म्हणजे दुभाषी.

मराठीत ही फट जास्त धोक्याची ठरते, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘रोज रात्री’च्या पुढे ‘घेते’ असू शकतं, ‘अर्धीच घेते’ असू शकतं, ‘घ्यायची विसरते’ किंवा ‘घेत नाही’ही असू शकतं. इंग्रजीत मात्र कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद लागतं. नीट इंग्रजी वाक्य बोलायचं तर ‘आय टेक’ की ‘आय डोंट टेक’ हे दुभाष्याला सुरुवातीलाच ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच त्याच्या हातात नाही. चांगली भाषा बोलण्याची सवयच इथे त्याला अंदाज बांधायला ढकलते.

त्यात मेंदूचीही भर पडते. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातून त्यांनी एक ध्वनी काढून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. वीस श्रोत्यांपैकी एकोणीस जणांना काही गहाळ आहे असं वाटलंच नाही, आणि खोकला नेमका कुठे आला हेही त्यांना नीट सांगता आलं नाही. त्याच जागी नुसती शांतता ठेवली की फट लगेच लक्षात यायची. दुभाष्याने यातून घ्यायची गोष्ट थोडी उलटी आहे: शांततेपेक्षा गोंगाटाने झाकलेल्या जागेवर जास्त संशय घ्यायचा. वाक्याच्या शेवटावर कुकरची शिट्टी, टीव्ही किंवा नर्सचं ‘ओके’ पडलं असेल, तर ‘मला ऐकू आलं’ या खात्रीवर विसंबू नये.

इंटरनेटवरून जाणारा फोनही असंच करतो. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाठवले जातात. एखादा हरवला तर पलीकडचं यंत्र आधीच्या आवाजावरून तो भरून काढतं. सलग बरेच हरवले तर हळूहळू शांततेवर जातं. एखाद-दुसरा तुकडा भरला तर बिघडत नाही. पण सलग दहा गेले, तर एखादं अक्षर कानाला न खुपता निघून जाऊ शकतं.

स्वतःला तपासायचा एक सोपा उपाय आहे. ऐकलेलं शेवटचं क्रियापद जसंच्या तसं मनात म्हणून पाहायचं. ‘घेते’ होतं, ‘घेतेय’ होतं, की ‘घेत होते’? रूप सांगता येत नसेल, नुसता ‘गोळी घेण्याबद्दल काहीतरी’ असा अर्थच हाती असेल, तर तो अर्थ कानातून आलेला नाही. रूप सांगता आलं म्हणजे ते खरंच ऐकलं, असं मात्र नाही. गोंगाटाखालचा शेवट तरीही विचारायचाच.

आता काम कसं करायचं ते. दुभाष्याच्या वहीत ‘रोज रात्री’नंतर एक आडवी रेघ येते आणि ती जागा रिकामीच राहते. मग तो नर्सला तुकडा तुकड्यासारखाच देतो: ‘दॅट टॅब्लेट, सिन्स मंडे, एव्हरी नाइट, आय...’ आणि थांबतो. इंग्रजी ओबडधोबड वाटतं, पण ते तसंच वाटायला हवं. यानंतर तो स्वतःबद्दल बोलतो, आणि इथे शब्द फार जपून वापरावे लागतात. बाकी वेळ तो ‘मी’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ आजींचा असतो. म्हणून स्वतःचं काही सांगायचं तर ‘दुभाषी बोलतोय’ अशी सुरुवात करायची: ‘दुभाषी बोलतोय. वाक्याचा शेवट ऐकू आला नाही. मराठीत हो की नाही ते शेवटीच कळतं. पुन्हा विचारू का?’ आजींनाही तो मराठीत सांगतो, की शेवट ऐकू आला नाही हे मी नर्सना कळवलंय. दोन्ही बाजूंना सांगितलं नाही, तर एकीला वाटतं की आपल्यामागे काही बोलणं चाललंय. नर्सचा मिलिग्रॅमचा प्रश्न तो गिळत नाही. पहिलं उत्तर पूर्ण झालं की तोही पोहोचवतो.

आजींना विचारतानाही रिकामी जागा भरायची नाही. ‘तुम्ही रोज घेताय ना?’ हा प्रश्न चुकीचाच आहे. त्या ‘ना’मध्ये उत्तर भरलेलं आहे, आणि हॉस्पिटलच्या माणसाला नाराज कशाला करायचं म्हणून आजी ‘हो’ म्हणून मोकळ्या होतील. बरोबर विचारणं असं: ‘“सोमवारपासून रोज रात्री” इथपर्यंत ऐकू आलं. त्याच्या पुढचं पुन्हा सांगाल का?’ सून मध्येच ‘घेतात त्या’ म्हणाली, तर तेही सांगायचं, पण ‘खोलीतली दुसरी व्यक्ती म्हणते’ असं म्हणून. ते आजींच्या तोंडी घालायचं नाही.

अंदाज चुकला तर काय होतं? नर्सने ‘गोळी रोज घेतात’ असं नोंदवलं आणि पुढच्या रक्त तपासणीत रक्त हवं तेवढं पातळ झालेलं दिसलं नाही, तर डॉक्टर वॉरफरिनसारख्या औषधाचा डोस वाढवू शकतात. मग सुनेने गोळ्यांचा डबा भरून द्यायला सुरुवात केली आणि आजी खरोखर रोज घेऊ लागल्या, की वाढीव डोसामुळे रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. तेव्हा त्या फोनची आठवण कुणालाच येणार नाही, कारण नोंदीत उत्तर पूर्ण दिसतं.

अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रातल्या दुभाष्यांसाठी २००५ साली आलेल्या राष्ट्रीय मानकांत भर घालू नये, गाळू नये, बदलू नये असं सांगितलं आहे. अर्ध्या वाक्याच्या बाबतीत यातलं ‘भर घालू नये’ पाळणं सगळ्यात कठीण, कारण तिथली भर मदतीसारखी वाटते.

प्रत्येक तुटलेलं वाक्य जोडून मागायचं असंही नाही. लाइन कापली गेली किंवा कुणी मध्ये बोललं, तर वर सांगितलं तसं विचारायचं. पण आजी स्वतःच ‘ते गेल्यापासून मी गोळ्या...’ म्हणून थांबल्या, आवाज भरून आला, तर शेवट हरवलेला नाही. तो बोललाच गेलेला नाही. तेवढाच तुकडा तेवढ्याच थांब्यासह द्यायचा. त्या रडताहेत की विचार करताहेत, याची टिप्पणीही करायची नाही, कारण नर्सला तो आवाज थेट ऐकू येतोच. पुढे विचारायचं की वाट पाहायची, ते नर्सने ठरवायचं.

आणि कॉलच पूर्ण तुटला, तर पुन्हा जोडताना बहुतेक वेळा दुसराच दुभाषी मिळतो. पहिल्याच्या वहीतली रेघ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून नर्सने तो प्रश्न पहिल्यापासून विचारायचा, आणि तोवर नोंदीत एवढंच लिहायचं: उत्तर अपूर्ण.