गैरसमज कुठून आले: संततिनियमनाच्या माहितीपत्रकाची पार्श्वभूमी

नवविवाहित जोडप्यांना आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या संततिनियमनाच्या पत्रकात बहुतेक वेळा एक तक्ता असतो. डावीकडे निरोध, गोळ्या, इंजेक्शन, तांबी आणि शस्त्रक्रिया ही साधने, आणि त्यांच्यापुढे परिणामकारकता, दुष्परिणाम व गैरसमज असे तीन रकाने. हे रकाने शेजारी छापलेले असले तरी ते एका वेळी तयार झालेले नाहीत. परिणामकारकतेचे आकडे 1930 च्या दशकापासून मोजले जात आहेत. दुष्परिणाम मात्र आपल्याकडे लोकांना मोकळेपणाने सांगण्याची पद्धत फार उशिरा रुळली, आणि त्या दिरंगाईतूनच तिसऱ्या रकान्यातला बराच मजकूर जन्माला आला.

मुळात अशी माहिती छापणे हेच एके काळी धाडसाचे काम होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देण्यास सुरुवात केली आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल मात्र कर्व्यांच्या विरोधात गेला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर 1935 मध्ये, अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. संयमाखेरीज कोणतेही कृत्रिम साधन गांधीजींना मान्य झाले नाही. त्या काळचा वाद साधने वापरावीत की नाहीत एवढ्यावरच अडलेला होता, त्यामुळे कोणते साधन किती चालते हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत फारसा पोहोचलाच नाही.

त्या प्रश्नाला आकड्याचे रूप देण्याचे काम अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी 1933 च्या सुमारास केले. त्यांची रीत सोपी होती. एखादे साधन वापरणाऱ्या सगळ्या स्त्रियांचे वापराचे महिने एकत्र मोजायचे, त्या काळात राहिलेल्या गर्भधारणांना 1,200 ने गुणायचे आणि एकूण महिन्यांनी भागायचे, म्हणजे शंभर स्त्रियांनी वर्षभर ते साधन वापरल्यास किती जणींना दिवस राहतील याचा अंदाज मिळतो. समजा, 200 जणींनी सरासरी नऊ महिने एक साधन वापरले आणि त्यात 24 गर्भधारणा झाल्या, तर 24 गुणिले 1,200 भागिले 1,800, म्हणजे उत्तर 16 येते. या रीतीत एक खोट आहे. ज्यांचे साधन लवकर फसते त्या पहिल्या काही महिन्यांतच गणनेतून बाहेर पडतात आणि मागे नेटाने वापरणाऱ्याच उरतात, त्यामुळे पाहणी जितकी लांबवावी तितके साधन अधिक चांगले दिसू लागते. म्हणून पुढे पहिल्या बारा महिन्यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत आली.

आजच्या चांगल्या पत्रकात प्रत्येक साधनापुढे दोन आकडे असतात: एक काटेकोर वापराचा आणि दुसरा प्रत्यक्षातल्या वापराचा. अमेरिकेतील प्रचलित अंदाजांनुसार पहिल्या वर्षी शंभरापैकी किती जणींना दिवस राहतात याचे हे आकडे निरोध वापरणाऱ्या जोडप्यांत 2 आणि 13 आहेत, रोजच्या गोळ्यांत 1 पेक्षा कमी आणि 7, तर तांबीमध्ये दोन्ही 1 पेक्षा कमी. काहीही न वापरल्यास साधारण 85 जणींना दिवस राहतात. पहिल्या दोन साधनांतले अंतर माणसाच्या विसरण्याचे आणि कंटाळण्याचे आहे. तांबी एकदा बसवली की रोज आठवण ठेवण्याचे कारण उरत नाही, म्हणून तिच्यात ते अंतर जवळजवळ नाहीच. ज्या पत्रकात ‘99 टक्के परिणामकारक’ असा एकच आकडा सर्व साधनांपुढे दिसतो, ते पत्रक जोडप्याला निवडीसाठी उपयोगाची गोष्टच सांगत नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याचा इतिहास मात्र याच तांबीच्या पूर्वसुरीपासून, म्हणजे लूपपासून, सुरू होतो. भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला, पण पहिली दहाबारा वर्षे त्याची चाल संथ होती. अमेरिकेतील डॉक्टर जॅक लिप्स यांनी तयार केलेला प्लॅस्टिकचा, नागमोडी आकाराचा लूप 1965 मध्ये कार्यक्रमात आला, आणि एकदा बसवून विसरून जाता येईल असे स्वस्त साधन मिळाल्याचा आनंद शासनाला झाला. एका बारीक नळीत सरळ करून तो गर्भाशयात सोडला की आपला मूळ आकार धरतो, आणि त्याचे दोरे योनिमार्गात राहतात. ठिकठिकाणी शिबिरे भरली, जिल्ह्यांना लक्ष्ये ठरवून दिली गेली, आणि स्त्रीला घेऊन येणाऱ्याला व बसवणाऱ्याला दर केसमागे पैसे मिळू लागले. 1966-67 या वर्षात सुमारे नऊ लाख लूप बसवले गेले. त्यानंतर आकडा दरवर्षी घसरत गेला आणि 1968-69 मध्ये तो पाच लाखांच्याही खाली आला.

घसरणीचे कारण वैद्यकीय पुस्तकांत लिहिलेलेच होते. लूप बसवल्यावर पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव वाढतो, पोटात कळा येतात आणि काही जणींचा लूप आपोआप बाहेर पडतो. आधीच रक्त कमी असलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईला हा वाढीव रक्तस्राव जड जातो. पण शिबिरात हे सांगायला वेळ नव्हता, कारण मोजणी बसवलेल्या लूपांची होत होती, आणि शिबिर उठून गेल्यावर तक्रार घेऊन जायला गावात कोणी उरत नसे. ज्या बाईला आधी काहीच सांगितलेले नाही तिला अचानक रक्त जाऊ लागले, तर तिने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला, आणि तो अर्थ पाणवठ्यावरून पुढच्या गावी गेला. लूप पोटात चढतो, काळजापर्यंत जातो, नवऱ्याला इजा करतो, अशा समजुती याच काळात पसरल्या.

यातल्या ‘वर चढतो’ या समजुतीकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण तिच्यात सत्याचा एक कण आहे. बसवताना क्वचित, साधारण हजारात एखाद्या वेळी, साधन गर्भाशयाच्या भिंतीला छेदून उदरपोकळीत जाऊ शकते. असे झाले की योनिमार्गातले दोरे हाताला लागत नाहीत. दोरे सापडेनासे होण्याची कारणे आणखीही आहेत: ते आत ओढले गेलेले असतात, साधन नकळत पडून गेलेले असते किंवा गर्भ राहिलेला असतो. यांतले नेमके काय झाले ते गर्भधारणेच्या चाचणीवरून आणि सोनोग्राफीवरून कळते; सोनोग्राफीत साधन दिसले नाही तर पोटाचा एक्स-रे काढतात. काळजापर्यंत जाणे शरीररचनेलाच अशक्य आहे. ‘हे कधीच हलत नाही’ असे छापणारे पत्रक म्हणूनच अर्धसत्य सांगते. पाळीनंतर दोरे तपासावेत आणि ते लागले नाहीत तर निरोध वापरत दवाखाना गाठावा, असे लिहिले तर वाचणारीच्या भीतीला उत्तरही मिळते आणि पुढचा मार्गही.

प्लॅस्टिकच्या लूपची जागा पुढे तांब्याने घेतली. चिलीचे हाइमे सिपर यांनी तांब्याचा शुक्रजंतूंवर होणारा परिणाम दाखवला आणि हॉवर्ड टेटम यांनी साधनाला इंग्रजी टी अक्षराचा आकार दिला. आज बसवल्या जाणाऱ्या 380 ए या तांबीवर 380 चौरस मिलिमीटर तांबे असते आणि ती दहा वर्षे चालते. रक्तस्राव वाढण्याचा त्रास तिच्यातही आहे. बहुतेकींच्या बाबतीत तो तीन ते सहा महिन्यांत उतरतो. मात्र लूपच्या काळातली एक सवय तशीच चालत आली आहे. मूल झाल्यावरच तांबी बसवायची हा समज कुटुंबांइतकाच दवाखान्यांतही आढळतो, कारण कार्यक्रमाची नजर सुरुवातीपासून मुले झालेल्या जोडप्यांवर होती. जागतिक आरोग्य संघटनेचे पात्रतेचे निकष मूल न झालेल्या स्त्रीला तांबी नाकारत नाहीत. तिच्यात साधन बाहेर पडण्याची शक्यता थोडी जास्त असते, एवढेच.

पुरुष नसबंदीच्या वाट्याला याहून वाईट इतिहास आला. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांच्या मोठ्या संख्येने होत्या आणि सक्ती उघड होती. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री शस्त्रक्रियेचे प्रमाण जवळजवळ 38 टक्के आणि पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के आहे. ‘अशक्तपणा येतो’ ही भीती त्या आकड्यामागे आहे, पण ती एकट्या अज्ञानाची नाही, त्या वर्षाच्या आठवणीचीही आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करायची असते, हे न सांगितल्यामुळे राहिलेले दिवसही नसबंदीच्याच, आणि कधी बायकोच्या, नावावर खपवले गेले.

लक्ष्यांची पद्धत केंद्र सरकारने 1996 मध्ये अधिकृतपणे सोडली. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शन सरकारी सेवेत ‘अंतरा’ या नावाने 2017 मध्ये आले, तेव्हा मागचा धडा काही प्रमाणात गिरवलेला दिसला. इंजेक्टेबल साधनांना 1980 च्या दशकापासून स्त्रीसंघटनांचा विरोध होता, आणि त्यांचा मुख्य आक्षेप पूर्ण माहिती देऊन घेतलेल्या संमतीच्या अभावावर होता. पाळी अनियमित होते आणि पुढे बऱ्याच जणींची थांबतेही, हे आता समुपदेशनात आधीच सांगायचे असते. रक्त आत साठून राहते हा समज येथे हमखास निघतो. प्रत्यक्षात औषधामुळे गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, त्यामुळे बाहेर पडण्यासारखे फारसे काही तयारच होत नाही.

याच इंजेक्शनबाबत पत्रकांच्या तिसऱ्या रकान्यात अजून एक घोटाळा राहतो. ‘इंजेक्शनने वंध्यत्व येते’ या समजापुढे ‘चूक’ असे छापले जाते आणि तेथेच थांबले जाते. वंध्यत्व येत नाही हे खरे, पण औषधाचा असर सावकाश ओसरतो आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. वर्षभरात मूल हवे असलेल्या जोडप्याने हे इंजेक्शन निवडले आणि सहा महिने वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर जुना समज पुन्हा खरा वाटू लागतो. अशा जोडप्याला निरोध किंवा गोळ्या अधिक सोयीच्या पडतात, कारण गोळ्या बंद केल्यावर बीजनिर्मिती थोड्याच दिवसांत पूर्ववत होते आणि निरोधाचा तर तिच्याशी संबंधच नसतो. तांबीही काढल्याबरोबर गर्भ राहू शकतो. मूल केव्हा हवे, या प्रश्नासाठी चौथा रकाना आखलेली पत्रके अजून थोडीच आहेत.