ड्रायर फिरतोय पण कपडे दमट? आधी हवेचा मार्ग तपासा

"ड्रायर नीट फिरतोय पण कपडे दमटच निघतात, म्हणजे हीटर गेला ना?"

नाही ओ, साताऱ्यात पाऊस लागला की लोक हेच धरून थेट हीटरची कॉइल बदलून मोकळे होतात. ओली हवा बाहेरच गेली नाही तर कपडे वाळणार कसे, उलट आत उष्णता कोंडते आणि थर्मोस्टॅट हीटर सारखा बंद करतो. कपड्यांचे तंतू अडवणारी लिंटची जाळी नळाखाली धरा, पाणी वर साचलं तर सॉफ्टनरचा थर बसलाय, साबण-ब्रशने घासून वाळवून लावा. मग इलेक्ट्रिक ड्रायर असेल तर प्लग काढून मागचा पाइप सोडवा, खिडकी उघडून, प्लग परत लावून थोडा वेळ चालवा. हवा जोरात आणि गरम आली तर पाइपच तुंबलाय. जोर आहे पण कोमटच, तेव्हा कॉइल तपासून घ्या.